पुराची नोटीस आणि पुराआधीचे २६० नग

२६ जुलै २०२१, सोमवार. संध्याकाळी सहा वाजता कोल्हापूरच्या फाउंड्रीचा मेल आला. लेटरहेडवर पाच ओळी होत्या. २३ जुलैपासून पुरामुळे कारखाना बंद आहे, करारातल्या फोर्स मेज्योर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या आपत्तीच्या, कलमाखाली ही नोटीस देत आहोत, सर्व ऑर्डरी पुढील सूचना मिळेपर्यंत स्थगित, आणि विलंबाची कोणतीही जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीनिंग शॉपमध्ये खरेदी बघतो. आम्ही हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडी मशीन करून बंगळूरला एका कंपनीला देतो. बॉडीचं कास्टिंग एफजी २६० ग्रेडच्या बिडाचं, कच्चं वजन नऊ किलो, रोजचे पन्नास नग, म्हणजे आठवड्याला तीनशे. ते सगळं या एकाच फाउंड्रीतून यायचं.

पूर खोटा नव्हता. त्या शुक्रवारी वेदगंगेचं पाणी निपाणीच्या पलीकडे यमगर्णीला हायवेवर आलं होतं आणि पुढे शिरोलीच्या पुलाजवळ पंचगंगेनं रस्ता अडवला होता. आमच्याकडचे निम्मे लोक निपाणी, संकेश्वर, कागल भागातले. कुणाच्या मामाच्या घरात पाणी, कुणाची जनावरं माळावर नेलेली. फाउंड्रीच्या मालकांना आम्ही सगळे दादा म्हणतो, बारा वर्षांचा संबंध. मेल वाचल्यावर माझं बोट आधी व्हॉट्सॲपकडेच गेलं. ‘दादा, काळजी करू नका, सावकाश चालू करा’ असं लिहून झालंही होतं. पाठवण्याआधी थांबलो, कारण दोन वर्षांपूर्वी, २०१९ च्या पुरात, दुसऱ्या एका पुरवठादाराला मी असाच मेसेज पाठवला होता आणि त्याने पुढे तोच मेसेज मुदतवाढीला आमची संमती म्हणून दाखवला होता.

म्हणून दादांना फोन केला. घरचे कसे आहेत, माणसं सुखरूप आहेत का, एवढंच विचारलं. व्यवहाराचं लेखी कळवतो म्हणून सांगितलं. ते म्हणाले, “लिहा हो, तुमचं तुम्हाला करायलाच पाहिजे.”

रात्री दोन कागद समोर घेऊन बसलो, करार आणि आमची आवक वही. करारातलं कलम असं: घटना घडल्यापासून सात दिवसांत नोटीस द्यायची, नोटिशीत कारण, कोणत्या मालावर परिणाम झाला, अंदाजे किती काळ लागेल आणि परिणाम कमी करायला काय करत आहात हे सांगायचं, आणि साठ दिवसांवर गेलं तर कुणालाही ऑर्डर रद्द करता येते. नोटीस चौथ्या दिवशी आली होती, म्हणजे मुदतीत. कारणही दिलं होतं. बाकीच्या तिन्ही गोष्टी नव्हत्या.

आवक वहीत मात्र वेगळीच गोष्ट होती. १७ जुलैपर्यंत शेड्यूलप्रमाणे १,२०० नग यायला हवे होते, आले होते ९४०. म्हणजे २६० नग पुराच्या आधीच मागे होते. त्यांच्या नोटिशीतल्या ‘सर्व ऑर्डरी’ या शब्दांत हे २६० नगही गुपचूप जाऊन बसले होते. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या ऑफिसातल्या माणसाने बहुतेक एकच पत्र सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवलं असणार. पण मी गप्प राहिलो असतो तर पुराआधीचा उशीर पुराच्या पाण्यात वाहून गेला असता.

सकाळी आमच्या वकिलांना विचारून घेतलं. त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. करारात कलम असेल तर आधी ते कलमच वाचायचं. करार कायद्यातलं कलम ५६, म्हणजे करार पाळणंच अशक्य होणं, ही फार पुढची पायरी. आणि खर्च वाढला, काम अवघड झालं, एवढ्याने सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एनर्जी वॉचडॉग निकालात सांगितलेलं आहे. आधीपासून रखडलेल्या कामाला नंतरची आपत्ती ढाल म्हणून वापरता येत नाही, हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात कोरोनाच्या काळातल्या एका खटल्यात आला होता, तोही त्यांनी सांगितला. मी विचारलं, हे निकाल पत्रात घालू का? ते म्हणाले, “आत्ता नको. त्यांच्या कारखान्यात चिखल आहे. तुम्हाला निकाल हवाय की कास्टिंग?”

मंगळवारी २७ तारखेला दुपारी उत्तर पाठवलं. त्याचा मसुदा तीन वेळा बदलला होता. पहिलं वाक्य असं ठरलं: ‘आपली नोटीस मिळाली, ती मिळाली एवढंच या पत्राने कळवत आहोत, ती मान्य केली असा याचा अर्थ नाही, आणि करारातले आमचे हक्क राखून ठेवत आहोत.’ नोटीस फेटाळायची नव्हती, कारण पूर डोळ्यांनी दिसत होता. मान्यही करायची नव्हती, कारण पुराने त्यांचं नक्की काय बंद पडलं ते अजून कुणी सांगितलंच नव्हतं. रस्ता बंद असणं वेगळं, वीज नसणं वेगळं आणि भट्टी बुडणं वेगळं. रस्ता चार दिवसांत सुटतो, भट्टीचं पॅनल बुडालं तर महिना जातो.

दुसऱ्या परिच्छेदात २६० नगांचं लिहिलं. तारखेनिशी तक्ता जोडला आणि हे नग २३ जुलैच्या आधीचे असल्याने या नोटिशीत येत नाहीत, एवढंच म्हटलं.

पुराव्याच्या बाबतीत मी दोन मुदती दिल्या, आणि हे मला आजही बरोबर वाटतं. ज्याच्या ऑफिसात गुडघाभर पाणी शिरलंय त्याच्याकडे दोन दिवसांत सरकारी कागद मागणं म्हणजे न मिळावेत म्हणूनच मागणं. म्हणून शुक्रवारपर्यंत फक्त फोनवर मिळतील अशा गोष्टी मागितल्या: भिंतीवरची पाण्याची खूण, भट्टीचं पॅनल, वाळूचा ढीग, कास्टिंगमधली पोकळी घडवणारे वाळूचे कोअर ठेवायचे रॅक आणि ज्यांवरून साचे बनतात ते आमचे पॅटर्न यांचे तारखेसह फोटो; आणि हीट रजिस्टरची शेवटची दोन पानं. तहसीलचा पंचनामा, वीज कंपनीचं पुरवठा बंद असल्याचं पत्र आणि विमा कंपनीला दिलेल्या सूचनेची प्रत यांना पंधरा दिवस दिले.

हीट रजिस्टर का, ते सांगतो. फाउंड्रीत भट्टीचा प्रत्येक घाणा ओतला की त्याला हीट नंबर पडतो. किती वाजता ओतला, कोणत्या ग्रेडचा, कोणत्या गिऱ्हाइकाचे साचे भरले, सगळं त्या वहीत असतं आणि तोच नंबर कास्टिंगवर आणि टेस्ट सर्टिफिकेटवर येतो. कारखाना कधी बंद पडला आणि कधी सुरू झाला याला त्याच्याइतका सरळ साक्षीदार नाही. वर्तमानपत्राचं कात्रण कोल्हापुरात पूर आला एवढंच सांगतं.

शेवटी विचारलं की आज काय चालू आहे, काय चालू होऊ शकतं, आणि जे निघेल त्यातला आमचा वाटा किती. आमच्या सहीच्या वर एक ओळ होती: आपल्या उत्तराची वाट बघत असताना आम्ही आमच्या गिऱ्हाइकासाठी दुसरी सोय शोधत आहोत, त्याने आमचे हक्क सोडले असं समजू नये.

त्याच दुपारी बंगळूरलाही कळवलं. आमच्याकडे कच्चे २९० आणि मशीन झालेले ११० असे चारशे नग होते, म्हणजे आठ कामाचे दिवस, ४ ऑगस्टपर्यंत. त्यांच्याशी असलेल्या करारातही नोटिशीची मुदत होतीच. वरून आलेली नोटीस खिशात ठेवून बसलो असतो तर आमची मुदत गेली असती. पण त्यांना फाउंड्रीचं पत्र नुसतं पुढे पाठवलं नाही. आपला साठा किती दिवसांचा आणि खड्डा कुठे पडेल, ते आकडे दिले.

शुक्रवारी फाउंड्रीकडून चार फोटो आले, एक कात्रण आलं आणि एक नवं शेड्यूल. हीट रजिस्टर आलं नाही. शेड्यूलमध्ये ९ ऑगस्टपासून आठवड्याला तीनशे नग, पार सप्टेंबरअखेरपर्यंत, प्रत्येक आठवडा सारखा. ते वाचूनच मला ते टिकणार नाही हे कळलं. १० सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. कोल्हापूरच्या कुठल्याच फाउंड्रीत गणपतीच्या आठवड्यात पूर्ण माणसं नसतात, आणि या कागदावर त्या आठवड्यातही तीनशेच होते. म्हणजे कुणीतरी जुन्या शेड्यूलच्या तारखा सरकवल्या होत्या, कारखान्यात जाऊन विचारलं नव्हतं.

शनिवारी ३१ तारखेला आमच्या क्वालिटीच्या सहकाऱ्याला घेऊन निघालो. परत येताना कोगनोळी नाक्यावर आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवावा लागे असे ते दिवस, त्यामुळे आदल्या दिवशीच स्वॅब देऊन ठेवले होते. यमगर्णीच्या आसपास रस्त्याकडेच्या उसाचे शेंडे गाळाने राखाडी झाले होते आणि झुडपांत प्लास्टिक अडकलं होतं.

दादा गेटवरच उभे होते. पायात गमबूट. आत सगळ्या शेडला ओल्या मातीचा आणि जळक्या तेलाचा वास. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या कमरेच्या खाली, साधारण अडीच फुटांवर. मोठ्या भट्टीचं पॅनल जमिनीलगत होतं. त्याची दारं उघडी टाकून आत हॅलोजनचे दिवे लावले होते. इलेक्ट्रिशियन इन्सुलेशन मोजायचा मेगर घेऊन बसला होता. मी रीडिंग विचारलं, त्याने मान हलवली. इन्सुलेशनचा रोध अजून इतका कमी होता की वीज सोडली असती तर उरलेलं पॅनलही जळालं असतं. कपॅसिटर बँक तर गेलीच होती, नवी मागवली होती.

पण त्याच शेडच्या टोकाला, चार फूट उंच चौथऱ्यावर, पाचशे किलोची लहान भट्टी होती. तिला पाणी लागलंच नव्हतं. आणि ती गरम होती.

मी हीट रजिस्टर मागितलं. दादांनी स्वतः आणून दिलं. शेवटची नोंद २२ जुलै रात्री, नंतर कोरी जागा, आणि मग ३० जुलैला तीन हीट. तिन्ही एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या. म्हणजे नोटिशीतलं ‘कारखाना बंद’ २९ तारखेपर्यंत खरं होतं. आमच्या हातात शेड्यूल आलं त्या शुक्रवारी ते खरं राहिलं नव्हतं.

दादा म्हणाले, “साहेब, त्यांचा माणूस काल येऊन बसला होता. मी काय करू?” मला राग आला नाही. त्यांच्या जागी मीही जो समोर बसलाय त्याचाच माल ओतला असता. पण म्हणूनच वाट्याचा हिशोब समोरासमोर बसून करायला हवा होता.

तो आम्ही चहाच्या टेबलावर केला. पुराआधी ते महिन्याला सुमारे १८० टन कास्टिंग काढत. आमचे तीनशे नग म्हणजे आठवड्याला २.७ टन, महिन्याला साधारण ११ टन, म्हणजे सहा टक्के. लहान भट्टीच्या दिवसाला सहा हीट, तीन टन लोखंडाचा रस. साच्यात रस नेणाऱ्या आणि पुरवणाऱ्या वाटांत, म्हणजे रायझर-गेटिंगमध्ये, जातो तो भाग वजा जाता साठ टक्के हाती येतं, म्हणजे १.८ टन. त्याचे सहा टक्के १०८ किलो. बारा नग. रोज पन्नास हवेत आणि न्याय्य वाटा बाराचा. हा आकडा कागदावर आला तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. ९ ऑगस्टपासून तीनशेचं शेड्यूल का खोटं होतं, ते आता त्यांनाही दिसलं.

मग शेडमध्ये फिरताना आमच्या सहकाऱ्याने फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग साफ करायच्या, कोपऱ्यात बोट दाखवलं. गाळाखाली आमच्याच बॉडी होत्या. पुराआधी ओतलेल्या, १४० नग, वरून लालभडक गंजलेल्या. त्यांच्या माणसाने त्या भंगारात धरल्या होत्या. कच्च्या कास्टिंगला वरचा गंज लागला म्हणून काही बिघडत नाही, बारीक छऱ्यांचा मारा करून शॉटब्लास्ट केलं की निघतो, आणि आम्ही तर पुढे सगळे महत्त्वाचे पृष्ठभाग मशीन करतो. फक्त आतल्या वाहिन्यांत गाळ सुकून बसू नये, म्हणून आधी दाबाच्या पाण्याने धुऊन, वाळवून मग ब्लास्ट करायचं ठरलं. एक नग तिथेच कापून आत बघितला. स्वच्छ होता.

कोअरचं मात्र उलट. शेल कोअरला ओल लागली की तो गेलाच. ओतताना वाफ होते आणि कास्टिंगमध्ये ब्लो-होल पडतात. खालच्या रॅकवरचे सगळे फेकावे लागले. वरच्या दोन रॅकवर १६० कोरडे होते.

तेव्हा मी म्हटलं, “दादा, रोज बारा नको. दोन आठवड्यांचा आमचा वाटा १४४ होतो. कोअर १६० आहेत. एका दिवसात सगळे ओता, मग आमचा पॅटर्न सोडा.” १४४ नग म्हणजे १.३ टन, लहान भट्टीचा एक दिवसही पुरा लागत नाही. रोज आमच्यासाठी प्लेट बदलण्यापेक्षा त्यांनाही ते सोपं होतं.

पॅटर्न सोडायचं म्हटल्यावर दादांचा चेहरा उतरला. “पॅटर्न गेला की ऑर्डर गेली, साहेब.” ही भीती खरी असते. पॅटर्न आमच्या पैशाने झालेला, प्लेटवर आमचं नाव पंच केलेलं, करारात मागताक्षणी परत द्यायचं लिहिलेलं; मी कागद दाखवून तो नेऊ शकलो असतो. त्याऐवजी तिथेच लेटरहेड मागवून लिहून दिलं की मोठी भट्टी चालू होऊन तीन हीटचे रिपोर्ट बरोबर आले की पॅटर्न परत येईल आणि डिसेंबरपर्यंत निम्मी खरेदी त्यांच्याकडेच राहील. आम्हालाही एकाच फाउंड्रीवर विसंबून राहायचं नव्हतंच. २६० नगांचा मुद्दाही तेव्हाच मिटला: गंजलेले १४० आणि नवीन १४४ यांतून आधी जुनी बाकी वळती करायची, आणि त्यासाठी लागणारे दोन स्पेशल टेम्पो त्यांच्या खर्चाने. दादांनी लगेच मान्य केलं. उरलेला उशीर पुराचा, त्याचा दंड आम्ही लावणार नव्हतो.

त्यांच्या अकाउंट्सच्या माणसाने जाता जाता किलोमागे भाववाढीचं काढलं, पुरामुळे खर्च वाढला म्हणून. मी सांगितलं की भावाचं बोलणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर; या नोटिशीत ते येत नाही. वकिलांनी सांगितलेला २०१७ चा निकाल एवढ्यापुरता उपयोगी पडला.

पॅटर्न ५ ऑगस्टला ई-वे बिल काढून बेळगावच्या एका फाउंड्रीत आला. लोक समजतात पॅटर्न हलवला की दुसऱ्या दिवशी माल. त्यांच्या मोल्डिंग मशीनचा बॉक्स वेगळ्या मापाचा, त्यामुळे प्लेट नव्याने बसवली, गेटिंग बदललं. पहिल्या ट्रायलच्या दहा नगांत तीन गळके निघाले. फ्लँजजवळ श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, होतं. रायझर वाढवून दुसरी ट्रायल, मग मोजमाप, मग प्रेशर टेस्ट. नियमित माल १९ तारखेला सुरू झाला. मधला साधारण आठवडा आम्ही बंगळूरला काहीच दिलं नाही. त्यांना ते २७ जुलैपासून माहीत होतं, त्यांनी लाइनवर दुसरं मॉडेल घेतलं होतं. बेळगावचा दर किलोमागे सात रुपयांनी जास्त होता. तो फरक आम्हीच सोसला, कारण त्या दिवसांत दादांकडे माल नव्हता याचं कारण खरोखरच पूर होता.

कोल्हापूरहून नवीन शेड्यूल आलं ते असं: प्रत्येक ओळीत ओतण्याची तारीख, नग, डिस्पॅचची तारीख आणि चौथ्या रकान्यात ते कशावर अवलंबून आहे. ‘कपॅसिटर बँक २३ ऑगस्टला आली तर.’ ‘मेगर रीडिंग पास झालं तर.’ गणपतीच्या आठवड्यापुढे शून्य. दर शुक्रवारी एक ओळीचा मेल यायचा. कपॅसिटर आठवडाभर लांबले, पण ते आम्हाला १३ तारखेलाच कळलं होतं, म्हणून बेळगावला शंभर नग वाढवून सांगता आले.

पंचनाम्याची प्रत, वीज कंपनीचं पत्र आणि विम्याची सूचना ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पोचली. तारखा रजिस्टरशी जुळत होत्या.

६ सप्टेंबरला मोठी भट्टी लागली आणि दादांनी फोन केला. मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, आता संपल्याचं पत्रही द्या. सुरू झाल्याची नोटीस सगळे देतात, संपल्याची कुणी देत नाही, आणि मग सहा महिन्यांनी पुराचे दिवस किती धरायचे यावर वाद होतो. त्यांचं पत्र आलं: ‘२३ जुलै ते ६ सप्टेंबर फोर्स मेज्योर.’ मी ते दुरुस्तीसाठी परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी जे आलं ते फाइलला लागलं: २३ ते २९ जुलै काम पूर्ण बंद, ३० जुलै ते ६ सप्टेंबर अंशतः बंद, आणि १७ जुलैपर्यंतचे २६० नग यात धरलेले नाहीत. खाली दादांची सही, आणि पेनाने लिहिलेली एक ओळ: पॅटर्न गणपती झाल्यावर पाठवा.